अनुभव धागा : लांबच्या प्रवासानंतर हॉटेलच्या काउंटरवरची पहिली पाच मिनिटे

रात्रपाळी_कोल्हापूर
मी कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका मध्यम हॉटेलात रिसेप्शनवर आहे. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोहोचली की अर्ध्या तासात आमच्या काउंटरसमोर चार-पाच कुटुंबे उभी राहतात. आमचा चेक-इन दुपारी 12 चा असल्यामुळे त्या वेळी बहुतेक खोल्यांत आदल्या दिवसाचे पाहुणे झोपलेले असतात.

मागच्या महिन्यात पाच जणांचे एक कुटुंब आले. आजींचे पाय सुजले होते आणि त्या बॅगेवरच बसू लागल्या. मी ‘प्रवास कसा झाला?’ असे विचारले खरे, पण नजर पडद्यावर होती. आजी उत्तर देत होत्या आणि मी ते ऐकत नव्हते, याची खंत आजही वाटते. नंतर मी बाहेर येऊन त्यांना सोफ्यावर बसवले, पाणी दिले आणि सगळ्यांना रांगेत न ठेवता फक्त त्यांच्या मुलाला काउंटरशी बोलावले. बुकिंगमधले नाव, पत्ता आणि फोन आधीच भरून कार्ड छापलेले असल्याने त्याला तपासून सही करण्याएवढेच काम उरले.

खोली मात्र नव्हती. ‘पाच मिनिटांत देते’ असे म्हणण्याचा मोह झाला होता, पण हाउसकीपिंगला विचारून मी ‘एक खोली साडेनऊला, दुसरी अकरानंतर’ असे स्पष्ट सांगितले. ते बॅगा ठेवून, तोंड धुऊन अंबाबाईच्या दर्शनाला गेले. आपण स्वागत आणि घाई यांचा मेळ कसा घालता, हे कृपया लिहावे.

फ्रंट_ऑफिस_मडगाव
गोव्यात बावीस वर्षे हेच काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की वेळ स्वागतात जात नाही, ती काउंटरवर सुरू होणाऱ्या शोधाशोधीत जाते. गाडी यायच्या आधी त्या दिवसाच्या येणाऱ्यांची यादी हातात असावी, कोणती खोली साफ झाली आहे आणि कोणती साफ होऊनही सुपरवायझरने अजून पाहिलेली नाही हे माहीत असावे, आणि बुकिंगचे पैसे संकेतस्थळाने घेतले आहेत की इथे घ्यायचे आहेत हे आधी तपासलेले असावे. दमलेल्या माणसाशी पैशांवरून झालेला घोळ सरबताने भरून निघत नाही.

सरबताचीही एक चूक आम्ही बरीच वर्षे केली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कोकम सरबताचा पेला आणि समोर पेन अशी अवस्था झाल्यावर पाहुणा सही कशी करणार? आता पेला बसल्यावरच देतो.

प्रवासी_ठाणे
पोलिसांच्या नियमामुळे प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स देणे सक्तीचेच असते. प्रवाशांनी ती सोबत ठेवली तर रिसेप्शनवरचा वेळ आपोआप वाचेल.

फ्रंट_ऑफिस_मडगाव
ओळखपत्र हवे हे बरोबर, पण ते आधारच असले पाहिजे असे नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र आम्ही घेतो. आधार द्यायचे असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. पॅन कार्डवर पत्ता नसल्याने आम्ही ते घेत नाही, आणि सकाळी सात वाजता हे समजावणे दोघांनाही जड जाते, म्हणून आदल्या संध्याकाळी संदेश पाठवतो.

न्यूजर्सीकर
मी मराठीत बोलत असूनही मला पासपोर्ट का मागितला, याचे तेव्हा वाईट वाटले होते. सोळा तासांच्या विमानप्रवासानंतर पुण्याला टॅक्सीने पोहोचले होते.

रात्रपाळी_कोल्हापूर
ताई, पासपोर्ट परदेशी असेल तर परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म आम्हाला 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, ओसीआय कार्ड असले तरीही. त्यात भारतात कधी आलात आणि इथून कुठे जाणार, हेही विचारलेले असते. पण पासपोर्टचे फोटो घेऊन तुम्हाला लगेच खोलीत पाठवता आले असते. उरलेली माहिती नंतर विचारता येते.

नाशिकची_स्मिता
मला तर रात्री एक वाजता, पैसे भरलेले असूनही, खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगितले. तिथे गोड बोलून काय उपयोग?

फ्रंट_ऑफिस_मडगाव
काहीच नाही. त्या वेळी जवळच्या हॉटेलात खोली ठरवून, गाडी बोलावून, फरकाचे पैसे आपण भरायचे आणि मगच क्षमा मागायची.

रात्रपाळी_कोल्हापूर
एक प्रश्न राहतोच. फार थकलेल्या पाहुण्याला आधी किल्ली द्यावी आणि सही खोलीत जाऊन घ्यावी, असे मला वाटते. आमचे मॅनेजर नोंदीशिवाय किल्ली देऊ देत नाहीत, आणि एकदा सही न करता निघून गेलेल्या पाहुण्यामुळे त्यांना त्रास झालेला आहे. तुमच्याकडे काय करतात?