मदत हवी आहे: कॅबवाल्याला व्हॉइस मेसेजमध्ये नक्की काय सांगू?

रातपाळी (धागाकर्ती)

आमच्या कॅम्पसला आठ गेटं आहेत. रोज रात्री कॅब बुक करते, ड्रायव्हरला लगेच व्हॉइस मेसेज पाठवते, तरी गाडी भलतीकडेच जाऊन उभी राहते. आज लागोपाठ दोघांनी राइड रद्द केली. टाइप करत बसायला वेळ नसतो. मेसेजमध्ये काय बोललं म्हणजे माणूस सरळ गेटवर येईल? अनुभवी लोकांनीच सांगा, प्लीज. उद्या परत हेच व्हायला नको.

अनुजा_क

कुठल्या गेटवर उभी असतेस? गाडी जाते कुठल्या गेटवर? आणि आत्ता मेसेजमध्ये काय बोलतेस? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस.

बोरूबहाद्दर

व्हॉइस मेसेज हाच मुळात चुकीचा प्रकार. लाइव्ह लोकेशन पाठवा, विषय संपला. मी नेहमी तेच करतो.

निवांत

माइकचं बटण दाबून धरायचं आणि वर सरकवायचं, म्हणजे लॉक होतं. मग बोट उचललं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं.

रातपाळी

@निवांत, रेकॉर्ड करता येतं हो मला.

@अनुजा, गेट सात. माझा मेसेज शब्द न् शब्द उतरवून देते: "हॅलो दादा, मी ना आतमध्ये आहे, ऑफिस सुटलंय आत्ताच, तर तुम्ही मेन गेटला नका जाऊ, तिकडून लांब पडतं, आठ नंबरलाही नको, ते बंद असतं, तुम्ही पुढे येऊन उजवीकडे वळा, मग एक बिल्डिंग दिसेल, तिथून सातवर या, मी येतेच पाच मिनिटांत." चाळीसेक सेकंद होतात. सगळं तर सांगितलंय!

चारचाकी

नऊ वर्षं कॅब चालवतोय, म्हणून बोलतो. ताई, तुमचा मेसेज मी गाडीत कसा ऐकतो ते सांगतो. फोन स्टँडवर, काच खाली, मध्येच नकाशावाली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणते, तेवढ्यात तुमचं वाक्य निघून जातं. मागे जाऊन परत ऐकायला हात मोकळा नसतो. माझ्या कानात काय उरतं? मेन गेट, आठ, उजवीकडे. यातलं एकही तुमचं ठिकाण नाही. नको असलेल्या गेटांची नावं तुम्ही आधी घेतलीत, हवं ते शेवटून दुसऱ्या वाक्यात. शिवाय "उजवीकडे" म्हणजे कुठून येताना? मी कुठल्या बाजूने येतोय ते तुम्हाला ठाऊक नाही.

अजून एक. सात आणि आठ गोंगाटात सारखेच ऐकू येतात. नुसता आकडा कधीच सांगू नका, त्याच्याबरोबर रात्री गाडीतून दिसेल अशी एक खूण द्या.

पण आधी हे सांगा, गाडी भलतीकडे म्हणजे रोज वेगवेगळ्या ठिकाणी जाते की एकाच?

रातपाळी

एकाच! हे लिहायचं राहिलं. आमच्या इमारतीच्या मागे कॅम्पसची भिंत आहे, तिच्यापलीकडच्या गल्लीत. इतकी जवळ की हॉर्न इकडे ऐकू येतो. फोनवर तो म्हणतो "पोचलोय मॅडम", मी म्हणते "दिसत नाही", आणि दोघंही खरं बोलत असतो. मधे दहा फुटी भिंत.

चारचाकी

मग मेसेजच्या आधी पिन. तुम्ही इमारतीत बसून बुक करता, पिन इमारतीवर पडते. आतले रस्ते खाजगी म्हणून नकाशा बहुतेक वेळा ते धरत नाही. मग पिनच्या सगळ्यात जवळचा बाहेरचा रस्ता शोधतो, आणि तो निघतो तुमच्या मागची गल्ली. भिंत त्याला कळत नाही. तोंडी काही सांगा, ड्रायव्हर निळ्या रेघेमागेच जाणार. त्यात गल्लीत अ‍ॅप त्याला "पोचलात" दाखवतं, म्हणजे थांबण्याचा वेळही तिथूनच मोजायला लागतो. तुमच्या राइड रद्द होतात त्या त्यामुळे.

बुक करतानाच पिन बोटाने ओढून गेट सातच्या बाहेर, रस्त्यावर ठेवा.

अनुजा_क

@बोरूबहाद्दर, म्हणजे लाइव्ह लोकेशननेही तेच होणार. तिचा ठिपका भिंतीच्या आत, रस्ता पुन्हा मागच्या गल्लीतूनच.

बोरूबहाद्दर

गेटवर जाऊन उभं राहून पाठवलं तर नाही होणार. मी तसंच करतो.

अनुजा_क

हे आधी लिहायचं ना! गेटवरून पाठवलेलं चालेल, पण तोवर गाडी गल्लीत शिरलेली असते.

कावळा_काका

आमच्याकडे पार्सलवाल्याचं हेच रडगाणं. दर वेळी शेजारच्या सोसायटीत देऊन जातो. तक्रार करून थकलो. यावर वेगळा धागा काढावा का?

रातपाळी

@चारचाकी, दादा, पिन सरकवली तर मग मेसेज लागेल का? आणि लागलाच तर काय बोलू?

चारचाकी

लागेल, कारण पिन बरोबर असूनही माणूस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबतो. गेट सातपाशी रात्री काय दिसतं? रस्त्याला दुभाजक आहे का?

रातपाळी

गेटाला लागूनच उंच पाण्याची टाकी आहे, वर लाल दिवा. दुभाजक आहे. यू-टर्न बराच पुढे आहे.

चारचाकी

मग एवढंच बोला, सावकाश: "गेट सात. पाण्याची टाकी, वर लाल दिवा. टाकीच्या बाजूच्या रस्त्याने या. गेट सात, टाकीखाली, मी बाहेर उभी आहे." बारा-पंधरा सेकंद. सुरुवातीलाच ठिकाण, शेवटी परत तेच, कारण मधलं हरवतं. "हॅलो दादा, मी ना" हे ऐकेपर्यंत माझा सिग्नल सुटतो.

राइड स्वीकारल्या स्वीकारल्या पाठवा. त्या वेळी गाडी बहुतेक उभी असते.

अनुजा_क

"मागच्या गल्लीत जाऊ नका" हेही घालायला हवं. सगळे तिथेच तर फसतात.

चारचाकी

नको. गडबडीत "नका" ऐकू येत नाही, "मागच्या गल्लीत" तेवढं ऐकू येतं.

अनुजा_क

मला नाही पटत. चूक ठरलेली असेल तर आधीच सावध केलेलं बरं. हवं तर शेवटी सांगावं.

रातपाळी (दुसऱ्या दिवशी)

केलं! पिन ओढली, मेसेज चौदा सेकंदांचा झाला. गाडी टाकीपाशी आली, पण दुभाजकाच्या पलीकडे. मी "टाकीच्या बाजूच्या रस्त्याने" म्हणायला विसरले होते, चूक माझीच. बॅग डोक्यावर धरून रस्ता ओलांडला. दुसऱ्या दिवसाचं उद्या सांगते.

रातपाळी (तिसऱ्या दिवशी)

आज गाडी बरोबर टाकीखाली. ड्रायव्हर म्हणाला, लाल दिवा लांबूनच दिसला. मेसेज ऐकलात का विचारलं, तर म्हणाला अर्धाच.

पण नवीन भानगड. साडेदहानंतर गेट सात बंद होतं आणि मला सहावर जावं लागतं. तिथे टाकी नाही, दिवा नाही, नुसती भिंत आणि एक वॉचमन. तिथे खूण म्हणून काय सांगू?

निवांत

वॉचमन.

चारचाकी

वॉचमन उठून चहाला जातो हो. समोर काय आहे, दुकानाची पाटी, बसथांबा, काहीतरी? फोटो टाका.

कावळा_काका

माझ्या पार्सलचं काय?