मदत हवी आहे: बिजागऱ्या एका वेळी 300 मागवू की 150?

नमस्कार मंडळी. मानेवाड्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. चार इंची बिजागऱ्या वर्षाला साधारण 3600 जोड जातात, खरेदी 80 रुपये जोडी. अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा आणि पावसाळ्यात गंजणारा माल मिळून साठवणूक वर्षाला 20 टक्के धरली, म्हणजे जोडीमागे 16 रुपये. इतवारीतून माल आणायला टेम्पो आणि हमाली एका खेपेला 200 रुपये.

एका खेपेला किती जोड मागवले तर एकूण खर्च सगळ्यात कमी येईल, ते काढायला हे सूत्र लावलं:

√(2 × मागणी × ऑर्डरचा खर्च ÷ साठवणूक खर्च)

पहिल्यांदा उत्तर 87 आलं. मागणी महिन्याची (300) घातली होती आणि साठवणूक वर्षाची! दोन्ही वर्षाचं घेतल्यावर 300 जोड आले, म्हणजे महिन्याला एक खेप. वर्षाला टेम्पोचे 2400 आणि साठवणुकीचेही (सरासरी 150 जोड × 16) 2400. दोन्ही सारखे निघाले, म्हणजे गणित बरोबर असावं.

पण टेम्पो एकट्या बिजागऱ्यांसाठी कधीच जात नाही. कडी, खिळे, स्क्रू त्याच खेपेत येतात. 200 चार वस्तूंत वाटले तर 50 आणि उत्तर थेट 150. मात्र मग वर्षाला 24 खेपा होतील, आणि बाकी तिन्ही वस्तू त्याच दिवशी लागल्या नाहीत तर वाटणीच खोटी ठरते.

तुम्ही अशा वेळी काय करता? भाडं वस्तूंवर वाटायचं, की चारही वस्तूंची साठवणूक एकत्र धरून आधी वर्षाच्या खेपा ठरवायच्या? कुणी दुकानात केलं असेल तर आकड्यांसकट सांगा राजेहो.