मदत हवी आहे: मुलाचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाकावा का, आणि टाकला तर कसा?

अंजली_नाशिक
मुलगा यंदा पहिलीत गेला. सोसायटीच्या गेटवर काढलेला फोटो आहे: गणवेश, गळ्यात ओळखपत्र, मागे शाळेची व्हॅन. मी इन्स्टावर टाकणार होते, खाली ओळ लिहिली होती 'आता रोज सात दहाला टाटा!' नवरा म्हणाला, टाकू नकोस. माझं खातं प्रायव्हेट आहे, तीनेकशे लोक आहेत. नणंद न्यू जर्सीला असते, तिला बघायची घाई. एव्हाना सासूबाईंनी तोच फोटो नाव आणि शाळेसकट व्हॉट्सअॅप स्टेटसला लावलाय, त्यांच्या डीपीवरही नातूच आहे. प्रायव्हेट खातं असताना एवढं घाबरायचं कारण आहे का? आणि फोटोत नक्की काय झाकायचं?

मिसळ_पाव_लिंबू
सोपं आहे. फोटोत जीपीएस असतं, त्यावरून घर सापडतं. कॅमेऱ्यात लोकेशन बंद करा, झालं काम.

गोदाकाठ
आमच्याकडे दोन वर्षांचे फोटो भरून फोन बंद पडायला आला होता. गूगल फोटोजवर चढवा आणि फोनमधले उडवा. जागा मोकळी होते.

अंजली_नाशिक
@गोदाकाठ काका, जागेचा प्रश्न नाही हो, कोण बघतंय हा आहे :)

झूमलेन्स
लोकेशनचं अर्धं बरोबर आहे. इन्स्टा-फेसबुकवर फोटो चढला की बघणाऱ्याला मिळणाऱ्या फोटोत जीपीएस उरत नाही. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तरी तसंच. पण क्वालिटी जाऊ नये म्हणून लोक तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी जाते, ठिकाणासकट. नणंदेला मोठा फोटो हवा असेल तर पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका. आयफोनवर शेअर करताना वर `Options` येतं, तिथे `Location` बंद करता येतं.

पण तुमच्या फोटोत जीपीएसची गरजच नाही. तो मोठा करून बघा. ओळखपत्रावर साधारण काय असतं? नाव, इयत्ता, तुकडी, वडिलांचा मोबाइल, कधी रक्तगट आणि व्हॅनचा मार्ग. इन्स्टावर फोटो १०८० पिक्सेल रुंदीपर्यंतच दिसतो, त्यामुळे बारीक अक्षर तिथे बहुधा वाचता येणार नाही. व्हॉट्सअॅपवर एचडी पाठवला तर आरामात वाचता येईल. मग गेटवरची सोसायटीची पाटी, व्हॅनचा नंबर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमची ती ओळ. कोण, कुठे आणि किती वाजता, तिन्ही एका फोटोत आलं. उद्या कोणी नवऱ्याला फोन करून 'शाळेतून बोलतोय, पहिली ब मधला तुमचा मुलगा पडलाय, ताबडतोब पैसे पाठवा' म्हणालं तर ते खोटं वाटणार नाही. अपहरणाची भीती लोकांना आधी वाटते, पण असा फोन करणं त्याहून कितीतरी सोपं आहे.

वडाचीसावली
अहो, इतकं काय! आमच्या लहानपणी नाव, शाळा, तुकडी सगळं वहीच्या कव्हरवर लिहिलेलं असायचं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

झूमलेन्स
@वडाचीसावली गल्लीला तुमचं घर माहीत होतं, तसं तुम्हालाही गल्ली माहीत होती. इथे तीनशेपैकी कितीजणांचे चेहरे आठवतात, ते अंजलीताईंनीच सांगावं.

अंजली_नाशिक
खरं सांगायचं तर निम्मे कॉलेजचे आणि जुन्या ऑफिसचे. मग ओळखपत्र ब्लर करू? आणि गणवेशाचं काय?

झूमलेन्स
ब्लर नको. हलका असला तर मोठे आकडे ओळखू येतात, आणि हायलायटरने खरडलं तर शाई अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसू शकतं. भरीव स्टिकर लावा किंवा सरळ कापा. मी असतो तर फोटो परत काढला असता: घरातली कोरी भिंत, ओळखपत्र शर्टाच्या आत, दप्तर पुढे.

गणवेश मात्र झाकून झाकणार नाही. बिल्ला लपवलात तरी नाशिकातल्या माणसाला रंगावरून शाळा कळते. नणंदेला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून तो फोटो चार घरच्यांना पाठवा आणि इन्स्टावर घरच्या कपड्यातला टाका.

खातं प्रायव्हेट असलं तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतोच, तिथे मुलगा नको. आणि पोस्टचा स्क्रीनशॉट कोणी काढला तर इन्स्टा तुम्हाला कळवत नाही. ओळख नसलेल्यांना फॉलोअर यादीतून `Remove` करा, त्यांना सूचना जात नाही. स्टोरी असेल तर `Close Friends`मध्ये घरची माणसं ठेवा. फेसबुकवर `Friends` निवडून कुणाला टॅग केलंत तर त्याच्या मित्रांनाही पोस्ट दिसू शकते, तेव्हा नणंदेला टॅग करू नका.

बारसं_बेळगाव
आमचा अनुभव वेगळाच. मुलीच्या बारशाला फोटोग्राफर बोलावला होता. महिनाभराने बहिणीने दाखवलं, त्याच्या जाहिरातीच्या पानावर आमचं बाळ, पाळण्यावरच्या नावासकट. सेटिंग आम्ही कितीही लावली असती तरी उपयोग नव्हता. फोन केल्यावर काढलं त्याने, पण आता आगाऊ रक्कम देतानाच लिहून घेतो.

अंजली_नाशिक
अरे देवा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण आईंचं स्टेटस कसं थांबवू? त्यांना काढा म्हटलं की रुसतात.

सूनबाई_सांगली
थांबवू नका, यादी लहान करा. स्टेटस त्यांनाच दिसतं ज्यांचा नंबर त्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्याकडे त्यांचा आहे. माझ्या सासूबाईंच्या फोनमध्ये दूधवाला, प्लंबर, जुने भाडेकरू, गॅसवाला, सगळे होते. मी स्टेटस प्रायव्हसीत `Only share with...` केलं आणि भावकीतली नावं त्यांच्याच हाताने निवडायला लावली. 'आई, तुम्हाला कोणाला दाखवायचंय ते तुम्हीच ठरवा' म्हटल्यावर मोठ्या हौसेने बसल्या. फक्त आधी लावलेल्या स्टेटसला नवी यादी लागू होत नाही, ते काढून परत लावायचं. डीपीसाठी `Settings`, मग `Privacy`, मग `Profile photo`, तिथे `Everyone`चं `My contacts` करा.

अंजली_नाशिक
हे जमेल! आज संध्याकाळी चहाबरोबर. आणखी एक: शाळेच्या फेसबुक पानावर पहिल्या दिवसाचे फोटो आलेत. पान सगळ्यांना खुलं, खाली मुलांची नावं. प्रवेशाच्या फॉर्मवर 'फोटो वापरण्यास संमती' अशी ओळ होती, सही केलेली आहे.

मिसळ_पाव_लिंबू
डेटा संरक्षण कायदा आलाय ना २०२३ मध्ये. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. नोटीस पाठवा.

झूमलेन्स
कायदा आहे, पण त्याच्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत, आणि तुमची सही आधीच आहे. दिलेली संमती मागे घेण्याची सोय त्यात आहे, पण तेवढ्यासाठी नोटीस नको. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: फोटो ठेवा, पण नाव, तुकडी काढा आणि पुढे चेहऱ्याचा जवळून फोटो टाकू नका. पोच घ्या. नावं काढणं त्यांना दोन मिनिटांचं काम आहे.

सूनबाई_सांगली
इथे मला थोडं वेगळं वाटतं. आमच्या शाळेत ज्यांच्या पालकांनी नाही म्हटलं, त्या मुलांना स्नेहसंमेलनाच्या गटफोटोत बाजूला उभं केलं. मुलगी घरी येऊन रडली. तुम्ही पत्र द्याल, पण वर्गावर ते कसं पाळलं जाईल हे आधी बाईंशी बोलून घ्या.

झूमलेन्स
याचं उत्तर माझ्याकडे नाही. गटफोटो चालेल, नाव नको, असं पत्रातच लिहिलं तर बाजूला उभं करायचं कारण राहत नाही. पण शाळा ऐकेलच असं नाही.

अंजली_नाशिक
बाईंना सोमवारी भेटते. सगळ्यांचे आभार. ती सात दहाची ओळ खोडली.