चर्चा: कर्णधार एकच असताना स्मॉल लीग जिंकतो आणि ग्रँड लीग का हरतो?

धागाकर्ता (लेगबाय): फँटसी क्रिकेटमध्ये मी प्रत्येक सामन्यासाठी एकच संघ तयार करतो आणि तोच दोन्हीकडे लावतो. 2025 च्या कायद्यानंतर पैसे लावण्याचा प्रश्न उरलेला नाही, मी फक्त मोफत स्पर्धा खेळतो. तीन-चार जणांच्या स्मॉल लीगमध्ये मी वरचेवर पहिला येतो, पण लाखभर संघांच्या ग्रँड लीगमध्ये कधी पहिल्या हजारातही पोहोचलेलो नाही. चांगला कर्णधार दोन्हीकडे चांगलाच असायला नको का? आणि डिफरन्शियल, म्हणजे फार थोड्यांनी निवडलेले खेळाडू नेमके किती घ्यावेत?

आकडेमोड: कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, पण तो चांगला की वाईट, हे तुमचे प्रतिस्पर्धी कोणाला कर्णधार करतात त्यावर ठरते. समजा, एका सलामीवीराला साठ टक्के लोकांनी कर्णधार केले आहे आणि एका अष्टपैलूला फक्त चार टक्क्यांनी. सामन्यात सर्वाधिक गुण मिळवण्याची शक्यता सलामीवीराची वीस टक्के आणि अष्टपैलूची दहा टक्के धरू. दोघांच्याच लीगमध्ये समोरच्याने बहुधा सलामीवीरच घेतलेला असतो आणि दोघांच्याही संघात हे दोन्ही खेळाडू असतात. अशा वेळी अष्टपैलूला कर्णधार करणे म्हणजे त्याचे गुण सलामीवीरापेक्षा जास्त होतील अशी पैज लावणे होय. ती पैज आपण बहुतेक वेळा हरणार, म्हणून तेथे सलामीवीरच योग्य.

लाख संघांच्या लीगमध्ये मात्र सलामीवीर चालला, तर तुमच्याबरोबर साठ हजार संघ वर सरकतात आणि पहिल्या जागेसाठी त्या सर्वांना उरलेल्या दहा खेळाडूंच्या जोरावर मागे टाकावे लागते. अष्टपैलू चालला, तर स्पर्धा चार हजारांशीच असते. ढोबळ हिशोबाने पहिली शक्यता तीन लाखांत एक आणि दुसरी चाळीस हजारांत एक येते. निम्म्या शक्यतेचा खेळाडू घेऊनही तुम्ही साडेसात पट फायद्यात राहता.

मधली यष्टी: हिशोब आकर्षक आहे, पण हे वीस आणि दहा टक्के आले कोठून? सामन्याआधी कोणालाही ते ठाऊक नसतात. आपण सोयीचे आकडे धरले आणि सोयीचे उत्तर काढले, असे मला वाटते.

आकडेमोड: आक्षेप मान्य आहे, म्हणून उलट बाजूने पाहा. वरील उदाहरणात अष्टपैलूची शक्यता किती खाली आली, तर दोन्ही पर्याय सारखे ठरतील? साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे माझा दहाचा अंदाज चुकून खरा आकडा तीन निघाला, तरीही निष्कर्ष बदलत नाही. शक्यतेचा अंदाज कच्चा असला तरी चालतो. किती लोक त्याच कर्णधारामागे धावत आहेत, याचा अंदाज मात्र बरा असावा लागतो.

पॉवरप्ले: मला हे गणित जमत नाही, पण अनुभवाने सांगतो. ग्रँड लीगमध्ये सगळे वेगळे करावे. मी पाच-सहा खेळाडू असे घेतो, ज्यांना दहा टक्क्यांहून कमी लोकांनी निवडलेले असते. एक दिवस सगळे जुळून येईल.

आकडेमोड: आपली दिशा बरोबर आहे, परंतु मात्रा चुकीची आहे. कमी निवडलेल्या खेळाडूच्या यशाची शक्यता पंधरा टक्के धरली आणि असे चार खेळाडू एकमेकांशी संबंध नसलेले घेतले, तर चौघेही एकाच सामन्यात चालण्याची शक्यता दोन हजारांत एक उरते. लोक ज्यांना टाळतात, त्यांतील बहुतेकांना टाळण्याचे कारणही असते: फलंदाजीचा क्रम खालचा असतो किंवा गोलंदाजाला चार षटके पूर्ण मिळत नाहीत. दोन किंवा तीन पुरेत, पण ते एकाच घडामोडीतून चालणारे असावेत.

उदाहरणार्थ, आपण सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला कर्णधार केले. त्याला मोठी खेळी करायची, तर त्याच्या संघाची वरची फळी लवकर कोसळायला हवी. मग त्याच संघाचे पहिले तीन फलंदाज आपल्या अकरांत कशासाठी? त्याऐवजी प्रतिस्पर्धी संघाचा नवा चेंडू टाकणारा गोलंदाज घ्यावा, म्हणजे एकाच पडझडीचे गुण दोन्ही बाजूंनी आपल्याकडे येतात. मी पाहिलेल्या ग्रँड लीगच्या संघांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच: कर्णधार एक सामना सांगतो आणि उरलेला संघ दुसराच.

दुसरी स्लिप: याचे जिवंत उदाहरण म्हणजे 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउनला झालेला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना. रोहितने त्याआधीच्या दोन सामन्यांत 92 आणि 57 धावा केल्या होत्या, तर कोहलीच्या पूर्ण स्पर्धेत सात डावांत मिळून 75. मी डोळे झाकून रोहितला कर्णधार केले. दक्षिण आफ्रिकेच्या केशव महाराजने दुसऱ्याच षटकात रोहित आणि पंत यांना बाद केले, सूर्यकुमारही लगेच गेला आणि 34 धावांत 3 बाद झाले. वर पाठवलेल्या अक्षरने 47 धावा केल्या आणि पुढे एक बळीही घेतला. कोहलीने 76 केल्या. कोहली माझ्या संघात होता, अक्षर नव्हता. नुसता कर्णधार बदलला असता, तरी धावांच्याच हिशोबात 67 गुण वाढले असते.

आकडेमोड: आपल्या उदाहरणातून एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. वेगळेपण आणण्यासाठी अनोळखी नाव शोधावेच लागते असे नाही. जो बहुतेकांच्या अकरांत आहे, पण ज्याला कर्णधार करायला लोक कचरतात, असा अपयशातून जात असलेला मोठा फलंदाज स्वस्तात मिळालेला वेगळेपणा असतो. म्हणून निवडीची टक्केवारी आणि कर्णधारपदाची टक्केवारी या दोन स्वतंत्रपणे पाहाव्यात. महाराज, अक्षर आणि कोहली हे तिघे एकत्र असलेला संघ त्या दिवशी एकाच पडझडीवर उभा राहिला असता.

मधली यष्टी: सामना संपल्यावर गोष्ट जुळवणे सोपे असते. शिवाय एक मुद्दा आपण वगळला आहे. अष्टपैलूने 95 आणि सलामीवीराने 90 गुण मिळवले, तर कर्णधार बरोबर निवडूनही पाचच गुणांची आघाडी मिळते. साठ हजार संघांतून कोणीतरी उरलेल्या दहांच्या जोरावर ती सहज भरून काढील. वेगळा कर्णधार नुसता पहिला येऊन भागत नाही, तो बऱ्याच अंतराने पहिला यावा लागतो, आणि आपली साडेसात पट तेथे घसरते.

आकडेमोड: हा आक्षेप खरा आहे आणि किती घसरते, हे मला नेमके सांगता येणार नाही. म्हणूनच मी ग्रँड लीगमध्ये प्रत्येक सामन्यात थोडे-थोडे गुण देणाऱ्या खेळाडूला कर्णधार करीत नाही. दहापैकी सात वेळा पडला तरी चालेल, पण उरलेल्या तीन वेळा सामना एकहाती फिरवील असा पाहतो. नेमका हाच खेळाडू स्मॉल लीगमध्ये नुकसान करतो.

बारावा गडी: आमच्या बारा जणांच्या लीगमध्ये पूर्ण हंगामाचे गुण मोजले जातात. तीन सामने उरले आहेत आणि मी 140 गुणांनी पुढे आहे. मीही आता डिफरन्शियल घ्यावेत का?

दुसरी स्लिप: मूळ प्रश्न एका सामन्याच्या लीगचा आहे, पण आपल्यासाठी उत्तर अगदी उलट आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा गृहस्थ ज्याला कर्णधार करील असे वाटते, त्यालाच आपणही करावे. तो खेळाडू चालला तर दोघांचे सारखेच गुण वाढतील आणि अंतर तसेच राहील. वेगळे जाण्याची गरज त्याला आहे.

बारावा गडी: पण त्यालाही हे कळत असणार. मी लोकप्रिय खेळाडू घेईन असे समजून तो मुद्दाम दुसराच घेईल.

दुसरी स्लिप: घेऊ द्या. त्याचा दुसरा पर्याय बहुतेक वेळा कमी गुण देईल आणि आपली आघाडी वाढेल.

लेगबाय: मग मी दोन संघ वेगळे करून पाहतो. मात्र कर्णधारपदाची टक्केवारी मुदत संपेपर्यंत हलत राहते, नाणेफेकीनंतर तर जास्तच. अंतिम अकरा जाहीर झाल्यावर जो अचानक सलामीला येणार असे कळते, त्याच्याकडे सगळेच वळतात. मग त्याला डिफरन्शियल समजायचे की नाही?

मधली यष्टी: सगळे वळले, तर तो डिफरन्शियल राहिलाच कोठे?

आकडेमोड: सगळे वळत नाहीत. ज्यांनी सकाळीच संघ लावून ठेवला, त्यांतले बरेच परत येऊन बदल करीत नाहीत. त्या अर्ध्या तासात तो वाटतो त्यापेक्षा कमी संघांत असतो, असा माझा अनुभव आहे; मधली यष्टी यांना तो पटणार नाही.