मदत हवी आहे: राम राम, जय हरी, जय भीम... बाहेरच्या माणसाने कधी म्हणावं?

किनारपट्टी:
नमस्कार मंडळी. मी मूळची वसईकडची, कॅथलिक घरातली, आणि सध्या माळशिरस तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून आले आहे. मराठी माझीच आहे, पण इथल्या राम रामाची मला सवय नाही. आमच्याकडे हाय हॅलो नाहीतर सरळ "काय गं कशी आहेस". इथे पारावरून जाताना म्हातारी माणसं राम राम मॅडम म्हणतात, शेजारच्या वस्तीतले लोक एकमेकांना जय भीम घालतात, आणि एक माळकरी आजोबा बीपी तपासायला येतात ते आल्या आल्या रामकृष्णहरी माउली म्हणून चक्क माझ्या पायाकडे वाकतात, माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत हो ते. मी हात जोडते आणि नमस्कार म्हणते. आता पालखी येणार, आमचा कॅम्प लागेल, दिवसभर वारकरीच समोर असतील. तर मी माझ्या तोंडाने राम राम किंवा जय हरी म्हटलं तर ते खोटं वाटेल का? की नमस्कारच बरा? कुणाची श्रद्धा उसनी घेतल्यासारखं करायचं नाहीये आणि कोरडंही राहायचं नाहीये.

सरळमार्गी:
एवढा विचार कशाला करताय, राम राम बिनधास्त म्हणा सगळ्यांना. ते धार्मिक राहिलेलंच नाही, खेड्यात राम राम म्हणजे हॅलोच. आमच्या गावात मुसलमान सुद्धा म्हणतात. एकच ठेवा, सगळीकडे चालतं.

भीमाकाठ:
सरळमार्गी अर्धं बरोबर बोलले. घरात वारी आहे आणि गाव पालखीच्या वाटेवरचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राम रामाला तुम्ही श्रद्धेची कबुली समजू नका, ती ओळख दिल्याची खूण आहे. पण त्याची एक रीत आहे. येणाऱ्याने घालायचा आणि बसलेल्याने घ्यायचा. पारावर चार माणसं बसलीत आणि तुम्ही जाताय, तर आधी तुम्ही म्हणायचं, वयाने लहान आणि चालत येणारा या दोन्ही नात्यांनी. ते "राम राम, या" म्हणतील. त्यांनी आधी घातला तर तोच शब्द परत द्यायचा, त्याला नमस्कार म्हणून उत्तर दिलं तर कुणी रागावत नाही पण मॅडम लांबच्या आहेत हे दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं होतं. घातलेला राम राम न घेणं मात्र फार मोठं असतं आमच्याकडे. बांधावरून भांडण झालेले भाऊ पहिल्यांदा तेच बंद करतात, "त्यानं माझा राम राम घेतला नाही" असं लोक वर्षानुवर्षं सांगतात.

दुसरं म्हणजे हा जास्त करून पुरुषांचा शब्द. बायका आपसात राम राम घालत बसत नाहीत, त्यांचं "बरं हाय का", "कवा आलाव", "जेवला का" असं असतं. तुम्ही नोकरीवरच्या बाई म्हणून पुरुषांना राम राम घातला तर चालतंच, पण विहिरीवरच्या किंवा लसीकरणाला आलेल्या बायकांना राम राम म्हणालात तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. तिथं बरं हाय का एवढंच पुरतं, जवळीकही जास्त वाटते.

आणि मयताच्या घरी घालायचा नाही. तिथं कुणी राम राम घालत नाही आणि घेतही नाही, नुसते हात जोडून खाली बसायचं, निघताना "येतो" सुद्धा म्हणायचं नाही, गप उठायचं. तुम्हाला मृत्यूच्या नोंदीसाठी जावं लागेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

ओंजळ:
सरळमार्गी, "सगळीकडे चालतं" हे नाही पटलं. मी बौद्ध आहे, सोलापूर जिल्ह्यातलीच. आमच्या आज्या-पणज्यांना गावात राम राम घालायची मुभा नव्हती, त्यांना वाकून "जोहार मायबाप" म्हणावं लागायचं. कुणी कुणाला काय म्हणायचं ते जातीवर ठरलेलं होतं. नमस्कार सुद्धा सरळ साधा शब्द नव्हता, 1779 साली मुंबईत कंपनी सरकारने सोनारांना नमस्कार म्हणायला बंदी घातली होती, पेशवाईतल्या ब्राह्मणांच्या तक्रारीवरून. म्हणून जय भीम आला तेव्हा नुसता अभिवादनाचा एक शब्द बदलला असं झालं नाही, वाकणं थांबलं. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांना तो रुजवण्याचं श्रेय देतात, 1930 च्या दशकातली गोष्ट, आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर तो घराघरात गेला. त्यामुळे आमच्या वस्तीत येऊन कुणी आम्हाला राम राम घातला तर आम्ही भांडणार नाही, पण मोठी माणसं उत्तराला मुद्दाम जय भीम म्हणतील. तेव्हा समजून घ्यायचं आणि पुढच्या वेळी तेच म्हणायचं.

किनारपट्टी:
ओंजळ, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मग वस्तीत मी आधीच जय भीम म्हणू का? की त्यांनी म्हटल्यावर?

ओंजळ:
माझं मत, त्यांनी म्हटल्यावर. कारण असं की तुम्ही आधी म्हणालात तर तुम्ही समोरच्याची जात आडनावावरून किंवा घर कुठल्या बाजूला आहे त्यावरून ओळखली असा अर्थ निघतो. ओपीडीत रांग लागलेली असताना एकाला राम राम आणि लगेच मागच्याला जय भीम, असं झालं तर रांगेतल्या सगळ्यांना कळतं की मॅडमने मनात कप्पे केलेत. ओपीडीत सगळ्यांना एकच नमस्कार ठेवा, आणि जो जे म्हणेल त्याला ते परत द्या.

निळी_पाटी:
मी ओंजळ ताईंशी सहमत नाही. आम्ही पण त्याच समाजाचे. 14 एप्रिलला किंवा विहारात कार्यक्रमाला बोलावलं असेल तर बाहेरच्याने आधी जय भीम म्हणायला पाहिजे, वाट कसली बघायची? आमच्या शाळेवर एक बाई होत्या, बदलून आलेल्या, त्या पहिल्या दिवसापासून सगळ्या पालकांना जय भीम म्हणायच्या, मराठ्यांच्या पालकांना पण. कुणाला आवडलं कुणाला नाही, पण आमच्या पोरांची मान ताठ झाली.

ओंजळ:
विहारात आणि जयंतीला आधी म्हणावं, ते मान्य. त्या बाई सगळ्यांना एकच म्हणत होत्या ना, मग तिथे निवड नव्हती. माझा आक्षेप माणूस बघून शब्द बदलण्याला आहे.

निळी_पाटी:
पण परत देतानाही शब्द बदलतोच की. जाऊ द्या, आपलं यावर जमणार नाही.

सुनबाई_विदर्भ:
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे म्हणून इथेच विचारते, माझं सासर महानुभाव पंथाचं, तिकडे सगळे दंडवत प्रणाम म्हणतात, मी माहेरची गजानन महाराजांची, जय गजानन म्हणणारी. फोनवर सासूबाई दंडवत प्रणाम म्हणतात आणि मी सवयीने हॅलो आई म्हणते मग एक सेकंद गप्प होतं. मी म्हणावं का? मी उपदेश घेतलेला नाही अजून.

भीमाकाठ:
ताई, घरातलं माणूस जे म्हणतं ते परत म्हणा, त्याला उपदेश लागत नाही. पण पंथातल्या कुणी लिहिलं तर ते जास्त खरं, मी वारकरी आहे.

आता किनारपट्टी यांचा मूळ प्रश्न राहिलाच, रामकृष्णहरी. हे राम रामासारखं नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला मंत्र तोच, म्हणून वारकरी तो शब्द जपासारखा वापरतो, फोन उचलताना, ठेवताना, जेवायला बसताना. बाहेरच्याने म्हणायला मनाई अजिबात नाही, वारीत तर कुणी जातधर्म विचारत नाही, सगळे एकमेकांना माउली. पण गावात तुम्ही स्वतःहून आधी रामकृष्णहरी म्हणालात तर समोरचा तुम्हाला माळकरी समजतो. पुढचे प्रश्न ठरलेले, माळ कधी घातली, फड कुठला, दिंडी कुठली. आणि जेवायचा आग्रह होतो तेव्हा तुम्ही मांसाहार करत नाही असं धरून चालतात. त्यात फसवायचं काही नसतं, फक्त "माळ नाही माझी, पण तुमच्यासोबत म्हणते" असं सरळ सांगितलं की पुरे. माणसं खूश होतात उलट.

ते आजोबा वाकतात ना, त्यात वयाचा हिशेब नसतो. समोरच्यातल्या विठ्ठलाच्या पाया पडतात ते. मागे सरकू नका, "अहो नको नको" पण करू नका, त्यांना अर्धवट थांबवल्यासारखं होतं. तुम्ही पण वाका, हात त्यांच्या पायाला लागला तरी चालेल, नाही लागला तरी चालेल, आणि म्हणा "माउली". एवढा एक शब्द तुमच्या धर्माच्या आड येणार नाही असं मला वाटतं, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

किनारपट्टी:
माउली मला जमेल, खरंच. रामकृष्णहरी त्यांनी म्हटल्यावरच म्हणेन, आधी नाही.

टाळकरी_पोरगं:
ताई कॅम्पचं सांगतो, मी दरवर्षी सदाशिवनगरच्या रिंगणाजवळ सेवेला असतो. वारकऱ्यांच्या पायाला फोड आलेले असतात, तुम्ही लोक ग्लोव्हज घालून ड्रेसिंग करायला बसता तेव्हा म्हातारी माणसं पाय मागे ओढतात. दुखतंय म्हणून नाही हं, डॉक्टरीण बाईने आपल्या पायाला हात लावला म्हणजे आपल्याला दोष लागला असं त्यांना वाटतं. मागच्या वेळी एका आजीने फोड फुटलेला असून पाय पदराखाली घेतला, द्यायलाच तयार नाही. आमच्या सिस्टर नुसत्या "आज्जी पाय द्या, पाय द्या" करत होत्या. मग शेजारच्या मावशींनी सांगितलं, आधी हात जोडून माउली म्हणा आणि मग बसा. म्हटल्यावर आजीने पण तिथूनच हात जोडले, सिस्टरच्या डोक्याला हात लावला आणि पाय पुढे केला. तसं करा. आणि दिंडीत भजन चालू असताना कुणाला थांबवून राम राम बिम राम करू नका, विणेकऱ्याला तर नाहीच, विसावा झाल्यावर भेटा.

सरळमार्गी:
ओंजळ यांचं वाचून माझं "सगळीकडे चालतं" मागे घेतो. पण मुसलमान घरांबद्दल कुणी बोललं नाही अजून, आमच्याकडे ते राम राम घेतात हे खरंय.

किनारपट्टी:
हो, आमच्या आशाताई तिथे "सलाम चाची" म्हणतात आणि चाची त्यांना "या ताई" म्हणतात. मी अजून नमस्कारावरच आहे. कुणी मुस्लिम सभासद असतील तर प्लीज सांगा, बाहेरच्या बाईने घरातल्या बायकांना सलाम म्हणावं का, की तिथेही आधी ऐकून मग?