मदत हवी आहे: ॲप माझ्या फोनवरून सारखे कोरे मेसेज पाठवतंय, कंपनी ईमेलला दाद देत नाही

विहीरकाठ
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, आज रात्री परत शेतीची लाईन आहे. ॲप आपोआप कोरे मेसेज पाठवत बसतं. दिवसभर. मी फोनला हातही लावलेला नसतो. कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं, "ॲप काढून परत टाका." टाकलं, तेच चालू आहे. केलेला ईमेल खाली देतो. यात काय कमी पडतंय ते सांगा, आणि हे थांबवायचं कसं तेही.

"महोदय, तुमचं ॲप माझ्या फोनवरून सारखे कोरे मेसेज पाठवत आहे. आठवडाभर हा त्रास सुरू आहे. त्यामुळे माझे मेसेज संपतात आणि रात्री काम अडतं. तीन वेळा फोन केला, कोणी नीट बोलत नाही. ताबडतोब दुरुस्त करा, नाहीतर पैसे परत द्या."

निवांत_नाना
मलाही असे कोरे मेसेज यायचे. १९०९ वर START 0 पाठवा, जाहिरातींचे मेसेज बंद होतील. माझे पुष्कळ कमी झाले.

विहीरकाठ
नाना, येत नाहीत हो, जातात. माझ्या फोनवरून.

रोहन_क
व्हायरस आहे. दुसरं काही नाही. फोन फॅक्टरी रिसेट मारा, अर्ध्या तासात मोकळे व्हाल. माझ्या मेव्हण्याच्या फोनवरून असेच मेसेज जायचे, रिसेटनंतर बंद झाले.

सायली_चाचणी
दादा, रिसेट अजिबात मारू नका. पाठवलेल्या मेसेजची यादीच तुमचा पुरावा आहे, ती पुसली जाईल. आधी एवढं सांगा: ॲप कशाचं आहे? मेसेज कोणत्या नंबरला जातात? दोन मेसेजमध्ये किती वेळ असतो? मी पुण्यात ॲप तपासायचंच काम करते. तुमचा ईमेल माझ्या टेबलावर आला असता तर मलाही त्यातून काही कळलं नसतं.

विहीरकाठ
मोटरच्या मोबाईल स्टार्टरचं ॲप. विहिरीवर पेटीत स्टार्टर आहे, त्यात सिम आहे, त्या सिमला मेसेज गेला की मोटर चालू किंवा बंद होते. कोरे मेसेज सगळे त्याच नंबरला जातात. तो नंबर माझ्याशिवाय कुणाकडे नाही. आत्ता बघून लिहितो: पहाटे ५:०२, ५:१७, ५:३२, ५:४७. काल सकाळीही असेच. रात्री मध्ये मध्ये खाडा दिसतोय.

मळ्यातला_बापू
आमच्याकडेही मोबाईल स्टार्टर आहे. मेसेजचं काय घेऊन बसलात, आमचं तर सिंगल फेजवर मोटर ओढली आणि वाइंडिंग जळालं. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे ना ते आधी बघा. विहिरीला पाणी कमी असेल तर ड्राय रनचंही बघा.

विहीरकाठ
बापू, आहे, दोन्ही आहे. मोटर ठणठणीत आहे. प्रश्न मेसेजचा आहे.

सायली_चाचणी
पंधरा मिनिटांचं अंतर कळलं, त्यावरून बराच उलगडा होतो. अँड्रॉइडवर ॲपला ठरावीक वेळाने मागून काम करायचं असेल तर त्याची जी नेहमीची सोय आहे, तिच्यात कमीत कमी अंतर पंधरा मिनिटांचंच ठेवता येतं. म्हणजे तुमचं ॲप दर पंधरा मिनिटांनी स्टार्टरला "काय स्थिती आहे" असं विचारायला जातंय. तासाला चार, दिवसाला ९६. रात्रीचा खाडाही त्यामुळेच. फोन खाटेवर नुसता पडून असला की अँड्रॉइड अशी कामं पुढे ढकलतो. व्हायरस असं घड्याळ लावून एकाच विहिरीला मेसेज करत नाही.

तुमच्या पॅकमध्ये रोज १०० मेसेज आहेत का? संपल्यावर वरचे पैसे कापायला मेन बॅलन्स असतो का?

विहीरकाठ
हो, १००च. मेन बॅलन्स शून्य. परवा मोजले, रात्री पावणेदहापर्यंत ८८ कोरे आणि १२ माझे. दहाला लाईन आली, मोटर चालू करायला मेसेज टाकला तर तांबडी खूण, गेलाच नाही. अंधारात दीड किलोमीटर चालत विहिरीवर गेलो. वाटेत ओढा आहे, त्याला पाणी आहे. वडील ७४ वर्षांचे, मी घरी नसलो की तेच निघतात. म्हणून चिडलोय मी. ईमेलमध्ये हे लिहिलं नाही, त्यांना कळेल असं वाटलं.

रोहन_क
मग रोज रात्री बारापर्यंत थांबा, नवीन १०० मिळतात.

मळ्यातला_बापू
लाईन दहाला येते आणि बारापर्यंत थांबा? दोन तासांत उसाच्या किती सऱ्या भिजतात माहीत आहे का?

यूपीआय_वाला
बँकेची आणि पैसे पाठवायची ॲपही नोंदणी करताना गुपचूप मेसेज पाठवतात. सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासायला. त्यातलंच काही असेल. घाबरू नका.

सायली_चाचणी
मेसेज पाठवतात हे बरोबर, पण तो नोंदणीच्या वेळी जातो, बँकेच्या बाजूच्या नंबरला जातो, आणि त्यात अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते. इथे नंबर विहिरीचा आहे.

विहीरकाठ दादा, तुम्ही "१२ माझे" म्हणालात. ते तुम्ही हाताने का टाइप करता? ॲपमधलं बटण दाबत नाही का?

विहीरकाठ
बटण चालत नाही आठवडाभर. दाबलं तरी कोराच मेसेज जातो. म्हणून मी मेसेजमध्ये जाऊन स्वतः 4711 ON असं टाइप करतो, त्याने मोटर चालू होते. (पासवर्ड खरा नाही लिहिला.)

सायली_चाचणी
ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती! म्हणजे नुसता स्थिती विचारणारा मेसेज नाही, ॲपचा प्रत्येक मेसेज कोरा आहे. स्टार्टर आणि सिम दोन्ही ठीक आहेत, ॲप मजकूर बनवतानाच चुकतंय.

आता एक करा. एक कोरा मेसेज दाबून धरा, कॉपी करा. नवीन मेसेजमध्ये क आणि ख लिहा आणि दोघांच्या मध्ये तो पेस्ट करा. काय दिसतं?

विहीरकाठ
क ख. मध्ये एक जागा सुटली.

सायली_चाचणी
तेच वाटलं होतं. अगदी रिकामा मजकूर अँड्रॉइड पाठवूच देत नाही, ॲपला चूक दाखवून परत फिरवतो. तुमच्या मेसेजमध्ये एक स्पेस आहे, आणि स्पेस म्हणजे त्याच्या हिशोबी मजकूर. ॲपमध्ये बहुधा असं काहीतरी असणार:

```
message = password + " " + command
```

पासवर्ड रिकामा, आज्ञाही रिकामी, मधली स्पेस तेवढी उरली. तीच पंधरा-पंधरा मिनिटांनी जातेय. स्टार्टरला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तो उत्तर देत नाही आणि तुम्हालाही स्थिती दिसत नाही.

ॲपची भाषा काय ठेवलीय? आणि सेटिंगमध्ये पासवर्डचा रकाना भरलेला आहे का?

विहीरकाठ
भाषा मराठी. मागच्या रविवारी अपडेट आलं त्यात मराठी आली, वडिलांना वाचता यावं म्हणून केली. पासवर्डचा रकाना रिकामा आहे. मी रिकामा केलेला नाही.

सायली_चाचणी
मग दोन वेगळ्या चाचण्या करा, एकदम दोन्ही बदलू नका. आधी पासवर्ड भरा, भाषा मराठीच ठेवा, स्थितीचं बटण दाबा. मग भाषा इंग्रजी करून परत दाबा. दोन्ही वेळा पाठवलेल्या मेसेजमध्ये काय गेलं ते बघा.

विहीरकाठ
पहिल्यांदा नुसतं 4711 गेलं. इंग्रजी केल्यावर

```
4711 STATUS
```

गेलं आणि स्टार्टरचं उत्तर आलं! व्होल्टेज, मोटर बंद, सगळं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

सायली_चाचणी
म्हणजे मराठी करताना त्यांनी स्क्रीनवरच्या शब्दांबरोबर आज्ञांचे शब्दही भाषांतराच्या यादीत टाकले आणि मराठीत ते रिकामे राहिले, असा माझा अंदाज. पासवर्ड का उडाला ते मात्र यातून कळत नाही. ते त्यांनाच शोधावं लागेल.

पण सांभाळा, इंग्रजीत ठेवलंत तरी दर पंधरा मिनिटांनी मेसेज जाणारच, आता नुसते कोरे नसतील. उलट स्टार्टरही प्रत्येकाला उत्तर देईल आणि त्याच्या सिमचे मेसेज संपतील. ॲपमध्ये "स्थिती आपोआप तपासा" असं काही असेल तर बंद करा. नसेल तर फोनच्या Settings मध्ये Apps, मग हे ॲप, मग Permissions, SMS आणि Don't allow. तेवढं केलं की ॲप मेसेज पाठवू शकत नाही. मोटर मग हाताने टाइप करूनच चालवा.

रोहन_क
स्टार्टरला फोन लावून १ दाबलं की मोटर चालू होते, त्यासाठी मेसेज कशाला लागतो?

विहीरकाठ
माझ्या पेटीत ते नाही, मेसेजवरच चालतो. आपोआप तपासण्याचं बटणही सापडलं नाही. परवानगी काढली. पाऊण तास झाला, एकही गेला नाही. ईमेल परत लिहिला, बघा बरं:

"विषय: मराठी भाषा निवडल्यावर ॲप स्टार्टरला फक्त एक स्पेस असलेला मेसेज पाठवतं.
मागच्या रविवारच्या अपडेटनंतर ॲपमधला पासवर्ड पुसला गेला. भाषा मराठी असताना कोणतंही बटण दाबलं तरी मेसेज कोरा जातो. पासवर्ड भरल्यावर फक्त पासवर्ड जातो, आज्ञा जात नाही. भाषा इंग्रजी केली की 4711 STATUS बरोबर जातो (पासवर्ड बदलून लिहिला आहे) आणि स्टार्टर उत्तर देतो. याशिवाय ॲप दर १५ मिनिटांनी न विचारता मेसेज पाठवतं. परवा रात्री पावणेदहापर्यंत असे कोरे ८८ मेसेज गेले, दिवसाचे १०० संपले आणि दहाला लाईन आल्यावर मोटर चालू करता आली नाही. पाठवलेल्या मेसेजचे वेळेसकट फोटो जोडले आहेत. मला तीन गोष्टी हव्यात: आज्ञा कोणत्याही भाषेत तीच जावी, आपोआप तपासणी बंद करायची सोय द्यावी, आणि पासवर्ड का पुसला गेला ते कळवावं."

सायली_चाचणी
फार नेमका झालाय. फक्त वर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि स्टार्टरच्या पेटीवरचा मॉडेल नंबर टाका. तो बहुधा पेटीच्या दारावर आतून चिकटवलेला असेल. आणि फोटोत स्टार्टरचा सिम नंबर झाका. नंबर आणि पासवर्ड दोन्ही बाहेर गेले तर तुमची मोटर कुणीही चालू-बंद करेल.

यूपीआय_वाला
उत्तर नाही आलं तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाईन आहे. पैसे परत मागा.

मळ्यातला_बापू
पैसे परत घेऊन काय करणार, परत नवीन स्टार्टर बसवायचा? दुरुस्तच करून घ्या. सायलीताई, एक विचारतो, आमच्या स्टार्टरचंही मराठी अपडेट आलंय, ते घेऊ का नको?

सायली_चाचणी
घ्या, पण दिवसा घ्या, आणि आधी पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. अपडेट झालं की एकदा बटण दाबून पाठवलेला मेसेज उघडून बघा.

विहीरकाठ
मॉडेल नंबर टाकून ईमेल पाठवला. तक्रार क्रमांक आलाय, बाकी काही नाही. आज दहाची लाईन आहे, १०० पैकी फक्त ३१ गेलेत. आलो की कळवतो.

विहीरकाठ
१०:०४. मोटर चालू झाली, घरूनच.