अनुभव धागा: घरात प्लॅन एक, वापर मात्र एकाचाच! पैसे कसे वाटता?

मीठमोहरी: आम्ही पाच जण गूगल वनच्या २०० जीबीच्या एकाच प्लॅनवर आहोत. नूतनीकरण आलं आणि घरात खटका उडाला. सामायिक जागेतले १३० जीबी धाकट्या भावाचे, ३० माझे, २० वहिनीचे, आई-बाबांचं शून्य. भाऊ म्हणतो पाच सारखे वाटे करा. आई म्हणते, "मी त्यात ठेवलंय तरी काय?" तुमच्या घरी काय पद्धत आहे? स्ट्रीमिंगचंही लिहा.

उशिरा_येणारा: सोपं आहे. वापराच्या प्रमाणात. १८० पैकी १३० म्हणजे ७२ टक्के भावाने द्यायचे. आम्ही स्ट्रीमिंगलाही कोण किती तास बघतं त्यावरून वाटे ठरवतो.

दोन_कप_चहा: आमच्याकडे वायफायचं बिल मुलगाच भरतो, कारण गेम तोच खेळतो.

मीठमोहरी: अहो, वायफाय नाही, वर्गणीचं विचारतेय :)

खटपट्या: साठ्याच्या बाबतीत प्रमाण एक वेळ चालेल, तासांचं मात्र पटत नाही. आजोबांनी दुपारभर टीव्ही लावून ठेवला तरी वर्गणी तेवढीच राहते. ती वाढते एकाच वेळी किती स्क्रीन चालतात आणि चित्र किती स्पष्ट हवं यावर. आमचा दोन स्क्रीनचा प्लॅन होता. रात्री आत्याची मालिका, मुलांची कार्टून आणि माझी मॅच एकदमच लागायची, मग तिसऱ्याला नकार. चार स्क्रीनचा घेतला आणि वरचा फरक फक्त रात्री भिडणाऱ्या तिघांत वाटला. आजोबांना त्यात धरलं नाही.

आता तुमचे जीबी. प्रत्येक खात्याचे मोफत १५ जीबी आधी वापरले जातात, ते भरल्यावरच सामायिक साठ्याला हात लागतो. म्हणून आई-बाबा शून्यावर आहेत, त्यांच्याकडून पैसे मागायला मला तरी कारण दिसत नाही. राहिले तिघे. प्लॅन पायऱ्यांनी मिळतो, १३० जीबीचा वेगळा असा मिळत नाही. भाऊ नसता तर तुम्हा दोघींना ५० जीबी लागले असते, म्हणजे १०० चा प्लॅन पुरला असता. तेव्हा १०० च्या प्लॅनची रक्कम तिघांत सारखी वाटा आणि तिथून २०० पर्यंतचा फरक भावाच्या नावावर टाका. कुरकुरला तर सांगा, एकटा बाहेर पडलास तरी २०० चाच घ्यावा लागेल आणि तो अख्खा तुझ्या खिशातून.

रविवारची_आवराआवर: पैशांपेक्षा जागेवरून आमच्याकडे जास्त महाभारत झालं. पुतण्या फोनवर फोरके व्हिडिओ काढतो, तेही ६० फ्रेमवर. मिनिटाला साधारण ४०० एमबी. एका सहलीत साठा काठोकाठ भरला आणि जाऊबाईंना मेल येणं बंद झालं. सासूबाईंना मात्र व्यवस्थित येत होते! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: त्यांचे स्वतःचे १५ जीबी अजून शिल्लक होते, जाऊबाईंचे संपले होते. ग्रुप माझ्या नावावर असल्याने कुणाचे किती जीबी हा आकडा मला दिसतो, फायली दिसत नाहीत (आणि ते बरंच आहे). पण "तुला ५० च" असा लगाम कुठेच घालता येत नाही, शोधून दमले. पुतण्याने व्हिडिओ डिलीट केले तरी आकडा ढिम्म! ते फोटोजच्या ट्रॅशमध्ये होते. तिथे ६० दिवस पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. ट्रॅश रिकामं केल्यावरच मेल सुरू झाले.

उशिरा_येणारा: मग जो जागा भरून टाकतो त्याला ग्रुपमधून काढून टाकायचं. विषय संपला.

रविवारची_आवराआवर: काढायला सोपं आहे हो. बाहेर पडला की सामायिक जागा जाते, आणि त्याचा पसारा १५ च्या वर असेल तर त्याचेच मेल अडतात. शिवाय एकदा दुसऱ्या फॅमिली ग्रुपमध्ये गेला की पुन्हा बदलायला १२ महिने थांबावं लागतं. आमच्या नणंदबाई तशाच अडकल्यात.

काठावरचा: मी सगळं एकटाच भरतो. हिशोब मागितला की घरात तोंडं वाकडी होतात, त्यापेक्षा हे परवडलं. बायकोला मात्र हे अजिबात मान्य नाही.

मीठमोहरी: खटपट्या, तुमचा हिशोब भावाला दाखवला. आधी गप्प बसला, मग तयार झाला. पण वहिनीने नवा फोन घेतलाय आणि बाळाचे व्हिडिओ सुरू झालेत. उद्या आम्हा दोघींचेच १०० च्या वर गेले तर?

खटपट्या: मग तुमचा दोघींचा पायाच २०० चा झाला, भावाच्या माथी फरक मारता येणार नाही. आणि तिघांचे मिळून २०० ओलांडले की पुढच्या पायरीचा फरक कुणी भरायचा, आधीपासून १३० वर असलेल्याने की नंतर वाढलेल्याने? आमच्याकडे यावर अजून भांडण चालू आहे.

मीठमोहरी: वहिनी म्हणते बाळाच्या नावावर टाका.